शिवराज अष्टक : सुरुवात कुठून करायची?

स्टार वॉर्सचा पहिला सिनेमा १९७७ साली आला आणि तो कथेत चौथा भाग आहे. पहिला भाग आला १९९९ मध्ये! तेव्हापासून जगभरची मंडळी "आधी कुठला बघायचा?" यावर भांडतायत. आपल्याकडे असलं काही नाही असं वाटत असेल तर दिग्पाल लांजेकरांच्या शिवराज अष्टकाकडे बघा.

यातले पहिले पाच चित्रपट ज्या क्रमाने थिएटरात आले तो असा: फर्जंद (२०१८), फत्तेशिकस्त (२०१९), पावनखिंड आणि शेर शिवराज (दोन्ही २०२२, दोन महिन्यांच्या अंतराने), मग सुभेदार (२०२३). आता त्यांतल्या घटनांची सालं त्याच क्रमाने मांडा: १६७३, १६६३, १६६०, १६५९, १६७०. म्हणजे पहिले चार चित्रपट चक्क उलटे चालत गेलेत आणि पाचव्याने एकदम पुढे उडी मारलीय. शेवटची लढाई सर्वांत आधी, आणि अफझलखान चौथ्या नंबरवर.

हिवरा आश्रमला मामाकडे गेलो होतो तेव्हा मामाच्या शाळकरी पोराने याच क्रमाने बघायला घेतले. जिजाऊंचं सिंदखेडराजा त्याच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे उत्साह दांडगा. फर्जंद सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि पठ्ठ्याने विचारलं, "दादा, पन्हाळा आपलाच होता ना? मग परत का जिंकायचा?"

प्रश्न अगदी योग्य होता. आणि त्याचं उत्तर दुसऱ्या सिनेमात आहे, जो चार वर्षांनी आला.

झालं असं, की १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला. विजापूरकर सावरायच्या आत महाराज थेट कोल्हापूरकडे धावले आणि २८ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या अठरा दिवसांत, पन्हाळा घेतला. हा गड परत मिळवायला पुढच्या मार्चमध्ये सिद्दी जौहर आला. वेढा जुलैपर्यंत चालला. मग ती पावसातली रात्र, घोडखिंड, बाजीप्रभू. महाराज विशाळगडाला सुखरूप पोचले खरे, पण तिकडे शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता. दोन आघाड्या एकदम लढणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्याच वर्षी पन्हाळा आदिलशाहीला सोडून द्यावा लागला. तो परत आला ६ मार्च १६७३ ला, कोंडाजी फर्जंद साठ मावळे घेऊन चढला तेव्हा. पावनखिंड बघितलेला माणूस फर्जंदला बसतो तेव्हा त्याला हा गड का टोचतोय ते आधीच ठाऊक असतं. उलट क्रमाने बघणाऱ्याला तो नुसता एक गड.

म्हणून माझं मत: सुरुवात शेर शिवराजपासून करा. ही मोहीम स्वतःत पूर्ण आहे. खान विजापुराहून निघतो, प्रतापगडाशी संपतो, मागचं काही माहीत असायची गरज नाही. ऑफिसातल्या अमराठी मित्रालाही हाच दाखवा. मग पावनखिंड, मग फत्तेशिकस्त (लाल महाल, एप्रिल १६६३). हे तीन सलग लागतात, एका वीकेंडला होतात.

इथे मात्र थांबा. फत्तेशिकस्तनंतर लगेच सुभेदार लावलात तर पुन्हा तोच घोळ, फक्त पन्हाळ्याऐवजी कोंढाणा. मधला दुवा म्हणजे जून १६६५ चा पुरंदरचा तह. मिर्झाराजे जयसिंगांना तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यात कोंढाणाही गेला. त्यानंतर १६६६ ची आग्र्याची कैद आणि सुटका. या पाचांतला एकही चित्रपट या दोन घटनांवर उभा नाही, त्यामुळे तेवढं एखाद्या पुस्तकातून वाचून घ्या, अर्धा तास पुरे. मग फेब्रुवारी १६७० चा सुभेदार, आणि शेवटी फर्जंद.

या क्रमाला दोन खोडी आहेत. पावनखिंडीत बाजीप्रभू झालेले अजय पुरकरच सुभेदारमध्ये तानाजी आहेत. खिंडीत डोळे पुसून झाल्यावर तोच चेहरा कोंढाण्याला निघालेला दिसतो, आणि मेंदूला एक क्षण झटका बसतो. दुसरी खोडी चिन्मय मांडलेकरांची. पाचही चित्रपटांत महाराज तेच आहेत, पण १६७३ चे महाराज २०१८ साली पडद्यावर आलेत आणि १६५९ चे त्यानंतर. म्हणजे आपल्या क्रमाने बघताना इतिहास चौदा वर्षं पुढे सरकतो आणि नट काही वर्षांनी तरुण होतो :-)

याउलट मृणाल कुलकर्णींच्या जिजाऊ पाचही ठिकाणी आहेत आणि तिथे ही गडबड मला तरी जाणवली नाही. मामाच्या पोराला धागा म्हणून तेच सांगितलं: आऊसाहेब आत्ता कुठल्या गडाची काळजी करतायत एवढं बघ, कुठलं साल चालू आहे ते कळेल.

आणि हो, शिवरायांचा छावा (२०२४) लांजेकरांचाच असला तरी तो या अष्टकात मोजायचा नाही. तो संभाजी महाराजांचा, वेगळ्या खात्यातला. फर्जंदनंतर हवा तेव्हा बघा.