चुंबकाची साक्ष

जयेंद्रगंजातल्या आमच्या घरी न्हाणीघर नवे केले, तेव्हा टॉवेल रॉड विकणाऱ्याने त्यावर चुंबक टेकवून दाखवले. ते चिकटले नाही. ‘‘देखिए, असली 304 है,’’ तो म्हणाला. पावसाळा सरायच्या आत रॉडच्या जोडावर तपकिरी ठिपके उठले. त्याच घरातले सिंक वीस वर्षांचे आहे. त्याच्या कोपऱ्याला चुंबक हलकेच धरते, पण त्यावर गंजाचा डाग नाही.

‘चुंबक चिकटले की स्टील हलके, न चिकटले की अस्सल’ हा समज ग्राहकांत आणि दुकानदारांत सारखाच पक्का आहे. त्याला आधार नाही असे नाही. साधे लोखंड चुंबकाला चिकटते, 304 चा सपाट पत्रा चिकटत नाही. पण चुंबक चिकटणे हे धातूतल्या अणूंच्या रचनेवर ठरते, आणि गंज रोखतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियमचा अदृश्य पापुद्रा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. चुंबकाला न जुमानणारी रचना निकेलमुळे येते. निकेल महाग, म्हणून 200 मालिकेच्या स्टीलमध्ये बरेचसे निकेल काढून मँगनीज घालतात. रचना तीच राहते, चुंबक चिकटत नाही. पण मँगनीज गंजाविरुद्ध निकेलची जागा घेत नाही आणि स्वस्त प्रकारांत क्रोमियमही कमी असते. बोअरच्या पाण्यातले आणि ब्लीचिंग पावडरमधले क्लोराइड तो पापुद्रा फोडते, आणि सुरुवात जोडापासून होते. उलट 304 चा पत्रा दाबून सिंकचा खोलगट आकार काढताना कोपऱ्यांतली रचना बदलते, म्हणून तिथे चुंबक धरते. त्यात खोट नाही.

कोणी म्हणेल, 304 सुद्धा गंजते. खरे आहे. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडची बाटली सिंकखाली ठेवली, तर नुसत्या वाफेनेही त्यावर डाग पडतात. लोखंडी काथ्याने घासल्यावर राहिलेले कणही गंजतात. मात्र तो गंज बहुतेकदा पुसून जातो. पुसल्यावर त्याच जागी पुन्हा उगवला आणि नखाला खळगा लागला, तर तो धातूतलाच समजावा.

भंगारवाल्यांकडे स्टील तपासायचे द्रव मिळते. थेंब टाकून छोट्या बॅटरीची तार लावली की मँगनीज जास्त असलेले स्टील लाल रंग दाखवते. आमचा रॉड लाल झाला, सिंक झाले नाही. थेंब फक्त मँगनीज सांगतो, क्रोमियम किंवा जोडाची सफाई नाही, म्हणून पावतीवर ‘304’ लिहून घ्यावे.

चुंबक मी अजूनही खिशात ठेवतो, ते स्क्रूंसाठी. चांगल्या रॉडबरोबर मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू सर्रास येतात. चुंबक त्यांना खटकन पकडते, आणि भिंतीवरचा पहिला ओघळ तिथूनच येतो.