ड्रमसंच व त्यातील झांजा : छायाचित्रावरून ओळख

एकाच वादकाने हातापायांच्या साहाय्याने वाजवावयाच्या ढोलांचा व झांजांचा समूह म्हणजे ड्रमसंच. हा विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत आकारास आला. मुंबईत १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा जाझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे चिक चॉकलेट (अँतोनियो झेवियर व्हाझ) यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी ही परंपरा चालविली व ती हिंदी चित्रपटसंगीतातही आणली. या काळातील वाद्यवृंदांची छायाचित्रे हे त्या इतिहासाचे एक साधन होय. परंतु त्यांतील वाद्यांना आजची नावे सरसकट दिल्यास इतिहास चुकतो.

ढोल ओळखणे तुलनेने सोपे असते. जमिनीवर आडवा ठेवलेला, मुख प्रेक्षकांकडे असलेला मोठा ढोल म्हणजे बास ड्रम. तो पायाने दाबावयाच्या पेडलने वाजतो. वादकाच्या गुडघ्यांमध्ये तिपाईवर ठेवलेला उथळ ढोल म्हणजे स्नेअर. त्याच्या खालच्या पुडीला तारा ताणलेल्या असतात, पण छायाचित्रात त्या सहसा दिसत नाहीत. बास ड्रमवर बसविलेले किंवा स्वतंत्र पायांवर उभे असलेले, तारा नसलेले ढोल ते टॉम-टॉम.

झांजांची नावे मात्र बव्हंशी त्यांच्या उपयोगावरून पडली आहेत. एका दांड्यावर समोरासमोर बसविलेली व पेडलने उघडझाप करणारी जोडी म्हणजे हाय-हॅट. तिचा व्यास साधारणतः ३५ सेंमी. असतो. ठेका अखंड चालविण्यासाठी वापरावयाची राइड झांज मोठी (सु. ५१ ते ५६ सेंमी.) व जाड असते. ती बहुधा वादकाच्या उजव्या हाताशी, थोडी खाली, कमी कलती बसवितात. एखाद्या आघातावर जोर देण्यासाठी वापरावयाची क्रॅश झांज पातळ व लहान (सु. ४० ते ४६ सेंमी.) असून उंच आणि अधिक कलती असते. जाडी छायाचित्रात दिसत नाही. म्हणून आकार व जागा यांवरच विसंबावे लागते.

आकार मोजण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. कलत्या झांजेची प्रतिमा लंबवर्तुळाकार दिसते. तिचा दीर्घ अक्ष हाच खऱ्या व्यासाचा निदर्शक होय. १९३०–४० या दशकातील बास ड्रम बहुधा ६६ ते ७१ सेंमी. व्यासाचे असत. समजा, ७१ सेंमी. व्यासाच्या ढोलाचे मुख छायाचित्रात ७ सेंमी. भरते व वरच्या झांजेचा दीर्घ अक्ष ३ सेंमी. भरतो, तर झांजेचा व्यास सु. ३० सेंमी. येतो. मात्र ढोलाचे मुख कॅमेऱ्यापासून ३ मी. व झांज ३·५ मी. अंतरावर असेल, तर ती प्रत्यक्षाहून लहान दिसते. दुरुस्ती केल्यावर व्यास सु. ३५ सेंमी. ठरतो. तरीही ही झांज आजच्या राइडच्या मापाहून बरीच लहान राहते.

याचे कारण ऐतिहासिक आहे. त्या काळी ठेका मुख्यतः बास ड्रमवर व हाय-हॅटवर धरला जाई. टांगलेल्या लहान झांजा अधूनमधून आघातासाठी असत. १९४० च्या सुमारास केनी क्लार्क याने ठेका मोठ्या झांजेवर नेला आणि त्यानंतर राइडचे स्थान पक्के झाले. म्हणून वरील छायाचित्र १९३५ चे असल्यास त्याखाली ‘राइड’ असे न लिहिता ‘टांगलेली झांज’ असे लिहिणेच उचित ठरते.

हाय-हॅटवरून कालनिर्णयास मदत होते. तिची पूर्वगामी लो-बॉय ही जोडी पायाच्या घोट्याच्या थोडी वर असे. तीवर काठीने वाजविणे शक्य नव्हते. १९२५–३० च्या दरम्यान दांडा उंच करण्यात आला व हाय-हॅट सिद्ध झाली. त्यामुळे स्नेअरच्या वर आलेली जोडी दिसल्यास ते छायाचित्र त्यापूर्वीचे नसते. मात्र जुनी साधने नंतरही वापरात राहत असल्याने केवळ लो-बॉय दिसते म्हणून छायाचित्र जुने ठरत नाही.

हाय-हॅट सामान्यतः वादकाच्या डाव्या पायाशी, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे असते. ती विरुद्ध बाजूस दिसल्यास वादक डावखुरा असेल किंवा छायाचित्र उलटे छापले गेले असेल. अशा वेळी बास ड्रमच्या मुखावर रंगविलेले वृंदाचे नाव पाहावे. अक्षरे आरशातल्यासारखी उलटी असतील, तर दोष छपाईचा. ती सरळ असतील, तर संचाची मांडणीच तशी समजावी.

झांज पूर्णतः कडेवरून दिसत असेल किंवा चौकटीने कापली गेली असेल, तर तिचे नाव निश्चित करता येत नाही. त्या ठिकाणी केवळ ‘झांज’ एवढीच नोंद करणे योग्य होय.