आकृती हरवलेली आगगाडी

पुन्हा टंकलेल्या एका जुन्या प्रश्नसंचातला हा प्रश्न दोन ओळींचा आहे. एक आगगाडी तारेचा खांब 8 सेकंदांत ओलांडते आणि 264 मीटर लांबीचा फलाट 20 सेकंदांत. गाडीचा वेग ताशी किती किलोमीटर? खाली चार पर्याय आहेत: 69.5, 70, 79 आणि 79.2. प्रश्नाच्या शेवटी कंसात ‘आकृती पाहा’ असे टंकलेले आहे आणि त्याखाली चार बोटे जागा कोरी आहे.

ती जागा कोरी का राहिली असावी, याचा अंदाज बांधता येतो. सायक्लोस्टाइलच्या काळात मेणकागदावर अक्षरे टंकयंत्राने उमटत. आकृती मात्र टोकदार लेखणीने हाताने कोरावी लागे. पुन्हा टंकताना शब्द उतरवले जात, आकृती मागे राहून जाई. म्हणजे आकृती होती, असे कोरी जागा आणि कंसातली सूचना या दोन गोष्टींवरून धरता येते. तिच्यात काय होते, हे उरलेल्या मजकुरातूनच काढावे लागेल.

सगळी अडचण ‘ओलांडते’ या क्रियेत आहे. खांबाच्या बाबतीत वाद नाही. इंजिनाचे टोक खांबाशी आले की घड्याळ सुरू, शेवटच्या डब्याची मागची बाजू खांबापुढे गेली की बंद. तेवढ्या वेळात गाडी स्वतःच्या लांबीइतकी पुढे जाते, म्हणून गाडीची लांबी म्हणजे वेगाची 8 पट. फलाटाच्या बाबतीत मात्र घड्याळ कुठे सुरू केले आणि कुठे थांबवले हे आकृतीच सांगत असणार, आणि त्याच्या तीन शक्यता आहेत. इंजिन फलाटाला लागल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत वेळ मोजला असेल, तर गाडीने फलाट अधिक स्वतःची लांबी एवढे अंतर कापले. फक्त इंजिनाचे टोक या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले असे धरले, तर अंतर फलाटाएवढेच. आणि पूर्ण गाडी फलाटाच्या आत असतानाचाच वेळ मोजला असेल, तर फलाटातून गाडीची लांबी वजा करावी लागेल.

तिन्ही करून पाहू. पहिल्या अर्थाने 20 सेकंदांतून 8 वजा केले की 12 उरतात आणि तेवढ्यात नुसता फलाट कापला जातो: 264 भागिले 12, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. 18 ने गुणून 5 ने भागले की ताशी 79.2 किलोमीटर. दुसऱ्या अर्थाने सेकंदाला 13.2 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 47.5. तिसऱ्या अर्थाने 264 ला 28 ने भागावे लागते आणि वेग ताशी 34 च्या आसपास येतो. शेवटचे दोन्ही आकडे पर्यायांत नाहीत. पहिला आहे, तोही दशांशासकट. शेजारचा 79 हा पर्याय घाईने पूर्णांक करणाऱ्यासाठी ठेवलेला दिसतो. हाच प्रश्न याच आकड्यांनी, फलाटाऐवजी पूल घालूनही छापला जातो, आणि पूल ओलांडणे म्हणजे अख्खी गाडी पलीकडे जाणे, यात कुणाला शंका येत नाही.

गाडीच्या लांबीवरून हा निकाल लागेल का? पहिल्या अर्थाने ती 176 मीटर येते. आपल्याकडच्या जुन्या निळ्या पद्धतीचा डबा बफरसह साधारण 22 मीटरचा, म्हणजे इंजिन आणि सात डबे. पण दुसऱ्या अर्थाने येणारी 105.6 मीटरची गाडीही, चार डब्यांची का होईना, अशक्य नाही. त्यामुळे ही साक्ष जुळते, पण काहीच सिद्ध करत नाही. ती पुराव्यात धरू नये.

आता आकृती पुन्हा काढता येते. इंजिन फलाटाच्या अलीकडच्या कडेला असताना शून्य सेकंद. 8व्या सेकंदाला शेवटचा डबा त्या कडेच्या आत आला. 12व्या सेकंदाला इंजिन पलीकडच्या कडेला पोचले. मधल्या 4 सेकंदांत पूर्ण गाडी फलाटाच्या आत होती आणि ती 88 मीटर पुढे सरकली. 264 वजा 176 हेही 88 च. 20व्या सेकंदाला शेवटचा डबा पलीकडची कडा सोडतो. गाडी कुठेही थांबत नाही आणि वेग बदलत नाही, एवढे गृहीत आहे.

एक गोष्ट मात्र परत मिळत नाही: खांब नेमका कुठे होता. तो अलीकडच्या कडेला असेल तर त्याचे 8 सेकंद शून्यापासून सुरू होतात, पलीकडच्या कडेला असेल तर 12 पासून, आणि फलाटापासून कोसभर दूर असला तरी 8 चे 8 च राहतात. मजकुरातला एकही आकडा खांबाच्या जागेवर अवलंबून नाही, म्हणून आकड्यांतून ती जागा निघणारही नाही. नव्या आकृतीत गाडी आणि फलाट सलग रेषेने काढावेत, खांब तुटक रेषेने.

जुने प्रश्नसंच पुन्हा टंकणाऱ्यांना एवढीच विनंती: आकृती उतरवता आली नाही, तर ‘येथे आकृती होती’ अशी एक ओळ टाका, आणि मूळचे पर्याय व उत्तर गाळू नका.