मधल्या गावाची पाळी आधी

जून 1962 च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकात रॉबर्ट फ्लॉइड यांचा ‘अल्गोरिदम 97’ छापून आला. अल्गोल भाषेतला चिमुकला प्रोग्राम, एका पानातही सहज मावेल एवढा. काम मात्र मोठं: कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर काढायचं, तेही सगळ्या जोड्यांसाठी एकदमच. त्याचा पाया होता त्याच वर्षी जानेवारीत आलेलं स्टीफन वॉर्शल यांचं प्रमेय. त्यात अंतर नव्हतं, ‘इथून तिथे पोचता येतं की नाही’ एवढाच प्रश्न होता. फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी हीच युक्ती 1959 मध्ये मांडली होती. म्हणून काही जण या पद्धतीला तिघांचंही नाव देतात, आणि मला तेच योग्य वाटतं.

युक्ती वाशिम जिल्ह्यातल्या चार गावांवर बघू. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, वाशिम: यादी अकारविल्हे लावली आहे. रस्ते तीनच धरू. कारंजा ते मंगरूळपीर 30, मंगरूळपीर ते वाशिम 40, वाशिम ते रिसोड 45. हे आकडे हिशेबापुरते गोल केलेले आहेत आणि रिसोडचा मालेगावकडचा रस्ता मुद्दाम बाजूला ठेवला आहे. ज्या दोन गावांमध्ये थेट रस्ता नाही, त्यांच्या चौकटीत अनंत लिहायचं. गावाचं स्वतःपासूनचं अंतर शून्य.

आता एकेका गावाला ‘मधलं गाव’ होण्याची परवानगी द्यायची. पहिली पाळी कारंजाची. त्याला एकच शेजारी, त्यामुळे तक्ता तसाच राहतो. मग मंगरूळपीर: त्याच्यामार्गे कारंजा ते वाशिम 70 झालं. रिसोडच्या पाळीत काही बदलत नाही. शेवटी वाशिम. आता 70 तयार आहेच, त्यात 45 मिळवले की कारंजा ते रिसोड 115. मंगरूळपीर ते रिसोड 85 हेही याच पाळीत निघतं.

```
for k in range(n):
    for i in range(n):
        for j in range(n):
            d[i][j] = min(d[i][j], d[i][k] + d[k][j])
```

प्रत्येक पाळी संपली की एक गोष्ट पक्की असते: पाळी होऊन गेलेली गावंच मध्ये घेऊन जाणारा सर्वांत छोटा रस्ता तक्त्यात उतरलेला असतो. पुढचं गाव `k` आलं की रस्ता एकतर त्यातून जात नाही, नाहीतर त्याच्यापाशी त्याचे दोन तुकडे पडतात, आणि दोन्ही तुकड्यांची उत्तरं आधीच हाताशी असतात. तक्ता एकच ठेवून त्यावरच खोडून लिहिलं तरी बिघडत नाही. `d[k][k]` शून्य असल्यामुळे `k` च्या पाळीत त्याची स्वतःची ओळ आणि स्तंभ बदलतच नाहीत.

`k` ला सर्वांत आत ढकललं की हे सगळं कोसळतं. मग कारंजा-रिसोड ही जोडी एकदाच, फार लवकर तपासली जाते. मंगरूळपीरमार्गे जावं तर मंगरूळपीर-रिसोड अजून अनंत, वाशिममार्गे जावं तर कारंजा-वाशिम अजून अनंत. पुढे ही दोन्ही अंतरं निघतात, पण या चौकटीकडे परत कोणी वळत नाही. उलट दिशेच्या रिसोड-कारंजाचंही तेच होतं. सलग रस्ता असताना तक्ता म्हणतो, वाटच नाही. प्रोग्राम अडत नाही, चूक दाखवत नाही, म्हणून ही चूक जास्त घातक.

`k` मधल्या लूपमध्ये ठेवला तर गंमत वेगळी: कारंजा ते रिसोड 115 बरोबर येतं, रिसोड ते कारंजा मात्र अनंतच राहतं. दुतर्फा रस्त्यांचा तक्ता असा एकांगी दिसला की आधी लूपचा क्रम तपासावा. पण दोन्ही बाजू जुळल्या म्हणून निर्धास्त होऊ नये. वरच्या उदाहरणात दोन्हीकडे सारखंच चुकलं होतं.

ही चूक इतकी सर्रास का होते, याचं उत्तर मला अक्षरांच्या सवयीत दिसतं. फ्लॉइडच्या मूळ प्रोग्राममध्ये मधल्या ठिकाणाचं अक्षर `i` आहे, आणि `i` सर्वांत बाहेर. पुढे मधल्या गावाला `k` म्हणायची रीत पडली. हात `i`, `j`, `k` याच क्रमाने लिहायला सरावलेला असतो. शिवाय मॅट्रिक्सच्या गुणाकारात `k` आत ठेवणंच रूढ आहे, आणि तिथे क्रम कसाही ठेवला तरी उत्तर तेच येतं. इथली ओळ दिसायला तशीच असली तरी ती ज्या तक्त्यातून वाचते त्यालाच बदलत जाते.

2019 मध्ये इकुमी हिदे, सो कुमाबे आणि ताकानोरी माएहारा यांनी एक सुखद गोष्ट सिद्ध केली: लूप चुकीच्या क्रमाने लावलेला प्रोग्रामही तीनदा लागोपाठ चालवला की उत्तर बरोबर येतं. आपल्या चार गावांना तर दुसरी फेरीच पुरते, कारण तोवर मंगरूळपीर-रिसोड 85 लिहून झालेलं असतं. हजार गावं घेतली तर एका फेरीत शंभर कोटी बेरजा होतात, म्हणजे तीन फेऱ्यांत तीनशे कोटी. क्रम न आठवणाऱ्याला एवढी किंमत मोजून उत्तराची खात्री मिळते, फक्त ज्यात फिरून आल्यावर अंतर ऋण होईल असं चक्र तक्त्यात नसावं.