आठवड्याच्या बेरजेची कुळकथा

मंगळवारी रात्री हिशेब आणायचा, बुधवारी तो जुळवून छापायचा आणि गुरुवारी घरोघर वाटायचा. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये मेलेल्या माणसांची बेरीज या वेळापत्रकाने होत असे. शहरातल्या प्रत्येक चर्चच्या हद्दीला, म्हणजे पॅरिशला, एक कारकून असे. कुणी मेले की चर्चची घंटा वाजे किंवा कबर खणणाऱ्याला कळवले जाई. मग या कामासाठी नेमलेल्या म्हाताऱ्या बायका प्रेत पाहून मरणाचे कारण ठरवत आणि कारकुनाला सांगत. कारकून आठवडाभराचे आकडे मंगळवारी आपल्या मंडळाच्या कचेरीत पोचवी. वर्षाला चार शिलिंग भरणाऱ्या कुटुंबाला हे छापील पत्रक दर आठवड्याला मिळे.

ही सगळी माहिती जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये लिहून ठेवली. लोक हे पत्रक कशासाठी वाचतात, तेही त्याने नोंदवले आहे. मागच्या आठवड्यापेक्षा मृत्यू वाढले की घटले, एवढेच बहुतेकांना बघायचे असे. प्लेगच्या दिवसांत श्रीमंतांना शहर सोडायचे का हे ठरवायचे असे आणि दुकानदारांना धंदा कसा चालेल याचा अंदाज घ्यायचा असे. आठवड्यातले प्लेगचे मृत्यू तीस-चाळीसच्या पुढे गेले की नाटकघरे बंद होत. म्हणजे निर्णय आठवड्याला एकदा होत आणि त्यासाठी बेरीजही आठवड्याला एकदा लागे. प्लेग काही मंगळवारी सुरू होऊन मंगळवारी थांबत नव्हता. आठवड्याची हद्द कारकुनांच्या सोयीने आखलेली होती, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेत महत्त्वाची आहे.

ग्राँटने या पत्रकांच्या साप्ताहिक आकड्यांतून वर्षांच्या बेरजा जुळवल्या आणि त्यांतून जन्म-मृत्यूंचे दीर्घकाळचे कल काढले. कुठल्या आजाराने दरवर्षी साधारण तितकेच लोक मरतात आणि कुठला आजार एखाद्याच वर्षी उसळतो, हे त्याला वर्षाच्या बेरजेतून दिसले. एकेका आठवड्यात ते दिसलेच नसते. बेरीज मोठी केली की छोट्या हालचाली मावळतात आणि संथ बदल वर येतो. आज महिन्याचा किंवा तिमाहीचा आलेख काढणारा प्रत्येक जण हेच करत असतो.

१ जुलै १८३७ पासून इंग्लंडमध्ये सरकारी मृत्युनोंदणी सुरू झाली. कारकुनांच्या पत्रकाची जागा हळूहळू रजिस्ट्रार जनरलच्या साप्ताहिक अहवालाने घेतली आणि १८४० पासून तो नियमित निघू लागला. विल्यम फार या अधिकाऱ्याने त्याला शिस्त लावली. नव्या अहवालाचा आठवडा मात्र शनिवारी संपत असे. मंगळवार जाऊन शनिवार आला, एवढाच बदल. त्याने काय फरक पडतो, ते १८५४ च्या सप्टेंबरमधल्या एका घटनेत फार स्पष्ट दिसते. लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवर त्या वेळी कॉलऱ्याची साथ उसळली होती.

डॉ. जॉन स्नो यांनी त्या भागाचे आकडे नोंदणी कार्यालयातून मागवले. २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यात तिथल्या तीन उपविभागांत कॉलऱ्याचे ८९ मृत्यू नोंदले होते. स्नो त्या एका आकड्यावर थांबले नाहीत, त्यांनी तो दिवसांमध्ये फोडला. आठवड्याच्या पहिल्या चार दिवसांत फक्त ६ मृत्यू होते, गुरुवारी ४ आणि शुक्रवार-शनिवारी मिळून ७९. ८९ हा आकडा पाहून वाईट आठवडा गेला एवढेच कळते. फोड पाहिल्यावर कळते की गुरुवारी, ३१ ऑगस्टला, काहीतरी एकदम घडले. मग त्या दिवसांतल्या मृत्यूंची जागेवर जाऊन चौकशी केल्यावर स्नो यांनी रस्त्यावरच्या हापशाकडे बोट दाखवले. गुरुवारी ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते पॅरिशच्या मंडळाला भेटले आणि दुसऱ्या दिवशी हापशाचा दांडा काढला गेला. माझ्या मते दांडा काढण्यापेक्षा आठवड्याचा आकडा फोडणे हे त्यांचे मोठे काम आहे, जरी चित्रांत आणि व्याख्यानांत दांडाच गाजला.

पुढे रुग्णालयांत दगावलेले आणि नंतर कळलेले मृत्यूही मिळवून स्नो यांनी पूर्ण दैनिक तक्ता तयार केला आणि १८५५ मध्ये आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापला. त्यातले महत्त्वाचे दिवस असे. ३१ ऑगस्टला ३ मृत्यू, १ सप्टेंबरला ७०, २ ला १२७. मग ७६, ७१, ४५, ३७, ३२ आणि दांडा काढला त्या ८ सप्टेंबरला ३०. त्यानंतर २४, १८, १५ असे उतरत जातात. म्हणजे शिखर २ तारखेला होते आणि दांडा निघाला तेव्हा मृत्यू शिखराच्या चौथाईच्या खाली आले होते.

आता याच मृत्यूंच्या आठवड्याच्या बेरजा करू. सरकारी अहवालासारखा शनिवारी संपणारा आठवडा धरला तर २६ ऑगस्टपर्यंतच्या आठवड्यात ४, पुढच्या आठवड्यात २०४, ९ सप्टेंबरला संपणाऱ्या आठवड्यात ३१५ आणि त्यापुढे ७२. चार खांबांचा आलेख काढा. साथ ९ तारखेपर्यंत चढतच गेली, दांडा त्याच आठवड्यात निघाला आणि लगेच कोसळली, असे तो सांगतो. एकही आकडा खोटा नाही, तरी गोष्ट खोटी आहे. १ आणि २ सप्टेंबर हे दोन सर्वांत भयंकर दिवस त्या हद्दीने आधीच्या आठवड्याच्या शेपटाला, जवळजवळ रिकाम्या दिवसांच्या मागे टाकले. उतरणीचे सातही दिवस एकत्र आल्यामुळे पुढची बेरीज मोठी दिसली.

जुन्या कारकुनांप्रमाणे मंगळवारी संपणारा आठवडा धरून पाहा. २९ ऑगस्टपर्यंत ४, ५ सप्टेंबरपर्यंत ३९४, १२ पर्यंत १६२ आणि १९ पर्यंत ४३. या आलेखात शिखर साथ उसळली त्याच आठवड्यात येते आणि दांडा निघण्याच्या आठवड्यात उतरण दिसते. माणसे तीच आणि मरणाचे दिवसही तेच. हद्द तीन दिवस सरकवली, एवढ्यावर साथीच्या चढाची दिशा बदलली. महिन्याने बेरीज केली तर ऑगस्टमध्ये १२ आणि सप्टेंबरमध्ये ६०४ मृत्यू. त्यात शिखरही नाही, उतरणही नाही आणि दांड्याचा प्रश्नच उरत नाही. एडवर्ड टफ्टी यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात स्नो यांचीच आकडेवारी घेऊन अशा बेरजांनी दांड्याला नको तेवढे श्रेय कसे मिळते ते दाखवले आहे.

खुद्द स्नो यांची यात फसगत झाली नव्हती. त्यांच्या तक्त्यात मृत्यूंच्या शेजारी आजार सुरू झालेल्यांची संख्याही आहे. कॉलऱ्यात आजार लागणे आणि मरण येणे यांत बहुधा दिवसभराचेच, कधी थोडे अधिक अंतर असते. म्हणून आजार सुरू होण्याचा आकडा साथीची चाल लवकर सांगतो. तो १ सप्टेंबरलाच १४३ वर टोकाला पोचला होता. दिवस माहीत असलेल्या ५७१ आजाऱ्यांपैकी ५१६ जण दांडा काढण्याआधीच आजारी पडले होते. लोक घरे सोडून पळाल्याने साथ घटली आणि पाणी बंद होण्याआधीच नवे आजारी इतके कमी झाले होते की विहिरीत तेव्हा विष शिल्लक होते की नव्हते हे ठरवता येत नाही, असे स्नो यांनी स्वतः लिहून ठेवले. दैनिक तक्ता समोर असल्यामुळेच त्यांना हा प्रामाणिकपणा शक्य झाला.

मग बेरीज करूच नये का? तसे नाही. रोजच्या नोंदीत कामाच्या दिवसांचा ठसा असतो. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाचे आकडे सोमवारी घटत, कारण शनिवार-रविवारी चाचण्या कमी होत. मंगळवार-बुधवारी आकडे पुन्हा वाढले की साथ भडकल्याच्या बातम्या येत. सलग सात दिवसांची बेरीज घेतली की प्रत्येक वार एकदाच येतो आणि हा दोष निघून जातो. महिन्याने तो नीट निघत नाही. ३१ दिवसांच्या महिन्यात तीन वार पाच-पाच वेळा येतात आणि बाकीचे चार-चार वेळा. शिवाय रोजचा आकडा कायम १०० असला तरी फेब्रुवारीची बेरीज २८०० आणि मार्चची ३१०० होते. काहीच न वाढता आलेख जवळजवळ पावणेअकरा टक्क्यांनी चढतो. त्यामुळे महिन्यांची तुलना करताना बेरजेला दिवसांनी भागून दररोजची सरासरी घ्यावी.

आणखी एक खोच तारखेची आहे. स्नो यांना प्रथम मिळालेले ८९ मृत्यू तोवर नोंदले गेलेले होते. पूर्ण तक्त्यात त्याच आठवड्याचे मृत्यू २०४ झाले. त्यात रुग्णालयांतले आणि मागाहून कळलेले मृत्यूही मिळाले होते. शेवटच्या आठवड्याची बेरीज नोंदी पुऱ्या होण्याआधी काढली की ती अशी तोकडी पडते आणि आलेखाच्या टोकाला खोटी उतरण दिसते. हे ओळखण्याचा उपाय साधा आहे. तोच आकडा पंधरा दिवसांनी पुन्हा काढून पाहावा. वाढला असेल तर टोकाचा खांब अपुरा होता.

हद्दीचा दोष ओळखण्यासाठी वर शनिवार आणि मंगळवार धरून केली तीच कृती करावी. बेरीज एकाच वाराने न करता सातही वारांनी करून बघावी. सातही आलेखांत शिखर त्याच सुमाराला आले तर ते विश्वासार्ह आहे. ब्रॉड स्ट्रीटसारखे ते पुढेमागे सरकले, तर आठवडा त्या घटनेसाठी फार मोठा आहे आणि दिवसांकडे परतायला हवे. दोन-तीन दिवसांत उसळून ओसरणाऱ्या गोष्टीला सात दिवसांची हद्द पुरत नाही. काही महिन्यांत हळूहळू चढणाऱ्या गोष्टीला ती चांगली पुरते.

स्नो यांच्या तक्त्यात सर्वांत शेवटी एक वेगळी ओळ आहे. ४५ जण आजारी कुठल्या दिवशी पडले ते त्यांना कळले नाही. ते त्यांनी कुठल्याही दिवसाच्या बेरजेत घुसडले नाहीत, 'तारीख अज्ञात' म्हणून स्वतंत्र मांडले.