साहेबांना मेसेज करताना 'कृपया' किती वेळा? नम्र आणि लाचार भाषेतला फरक

पंचायत समितीतल्या एका कनिष्ठ सहायकाचं उदाहरण घेऊ. अंगणवाडीच्या छत दुरुस्तीची फाईल गटविकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर पडून आहे. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही, तर निधी परत जाणार. साहेबांना आठवण तर करायची आहे, पण ते रागावले तर?

अशा वेळी अनेकजण असा मेसेज लिहितात:

"परमआदरणीय साहेब, आपणास सविनय नम्र विनंती की, आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून कृपया सदर फाईलवर कृपादृष्टी ठेवावी. तसदीबद्दल क्षमस्व."

यात आदर भरपूर आहे, पण फाईल कोणती आणि मान्यता कधीपर्यंत हवी, हेच नाही. साहेबांना उलट फोन करून विचारावं लागेल.

मग कसं लिहायचं?

"मा. साहेब, नमस्कार. अंगणवाडी छत दुरुस्तीची फाईल १२ मार्चला आपणास सादर केली आहे. कामाला सात दिवस लागतील आणि ३१ मार्चनंतर निधी परत जाईल. त्यामुळे २० मार्चपर्यंत मान्यता मिळावी, ही विनंती. अंदाजपत्रकात दुरुस्ती हवी असल्यास लगेच करून आणतो."

यात काय बदललं?

पहिली गोष्ट म्हणजे क्रियापद. मराठीत 'मिळावी', 'व्हावी' या रूपांतच आदर असतो. 'मान्यता द्या' हा हुकूम वाटतो, 'मान्यता मिळावी' ही विनंती होते. त्यामुळे 'कृपया', 'नम्र', 'सविनय' असं सगळं एकाच वाक्यात कोंबायची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट वाक्याच्या कर्त्याची. 'आपण अजून सही केली नाही' म्हटलं की बोट साहेबांकडे जातं. 'फाईल १२ मार्चला सादर केली आहे' यातून उशीर तेवढाच कळतो, पण दोष कुणालाच लागत नाही.

शब्दांनाही दिशा असते

सरकारी मराठीत कागद वरच्या अधिकाऱ्याकडे 'सादर' होतो. म्हणून टिप्पणीच्या शेवटी 'मान्यतेस्तव सादर', 'आदेशार्थ सादर' किंवा 'माहितीस्तव सादर' लिहितात. या दोन शब्दांत आदर तर येतोच, शिवाय साहेबांनी नेमकं काय करायचं हेही कळतं. याउलट 'याची नोंद घ्यावी' हे बहुतेकदा वरून खाली येणारं वाक्य आहे. कनिष्ठाने साहेबांना तसं लिहिलं, तर 'घ्यावी' असूनही ते तंबीसारखं वाटतं.

'महोदय' काढून टाकायचं का?

नाही. औपचारिक पत्रात 'महोदय' आणि 'आपला विश्वासू' हा ठरलेला साचा आहे, त्यात लाचारी नाही. मेसेजमध्ये सुरुवातीला 'मा. साहेब' आणि शेवटी एक 'विनंती' पुरते. मधली जागा फाईल, तारीख आणि कारणासाठी ठेवावी.

पाठवण्याआधी एक सोपी तपासणी करता येते. मेसेजमधले आदराचे सगळे शब्द झाकून उरलेलं वाचायचं. साहेबांना काय करायचं आहे हे त्यातून कळत नसेल, तर मेसेज पुन्हा लिहायला हवा.