पेंटाव्हॅलंट लस (बाळाच्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने)

बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे झाल्यावर, म्हणजे ६, १० आणि १४ आठवड्यांना, दिली जाणारी पाच रोगांवरील एकत्रित लस. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि ‘हिब’ या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर हे ते पाच रोग. अर्धा मिलिलिटर लस डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचतात. अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय, अमरावतीचे डफरीन, तालुक्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा गावची अंगणवाडी, कुठेही गेले तरी सरकारी वेळापत्रक हेच असते आणि लस मोफत मिळते. पहिल्यांदा आईबाप झालेल्यांना सर्वांत जास्त घोर याच लसीचा लागतो, कारण हिच्यानंतर ताप येतो, मांडी सुजते आणि बाळ रात्रभर किरकिर करते.

या लसीत रोग देऊ शकेल असे जिवंत काहीच नसते. घटसर्प आणि धनुर्वात यांच्या जंतूंनी तयार केलेले विष माणसाला मारते. ते विष फॉर्मॅलिनने निकामी करून लसीत घातलेले असते. त्याची ठेवण मूळ विषासारखीच, पण जोर गेलेला. डांग्या खोकल्याचे जिवाणू मारून अख्खे घेतात. कावीळ-ब विषाणूच्या कवचाचे फक्त एक प्रथिन असते. हिब जिवाणूची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याच्यावर शर्करेचे आवरण असते आणि दोन वर्षांखालच्या मुलाची प्रतिकारयंत्रणा नुसत्या शर्करेची नीट दखल घेत नाही. म्हणून ती शर्करा एका प्रथिनाला जोडून देतात. प्रथिन ओळखता ओळखता बाळाचे शरीर शर्कराही ओळखू लागते. शिवाय ॲल्युमिनियमचा अत्यल्प क्षार असतो. त्यामुळे हे घटक टोचल्या जागी काही काळ टिकतात आणि तिथल्या पेशींना जाग येते.

टोचल्यानंतर पहिल्या काही तासांतच मांडीतल्या पहारेकरी पेशी हे घटक गिळतात, त्यांचे तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर मांडतात आणि जांघेतल्या लसिका ग्रंथीकडे निघतात. तिथे ‘टी’ आणि ‘बी’ नावाच्या असंख्य पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशी जन्मतः एका विशिष्ट आकारालाच चिकटू शकते. आणलेल्या तुकड्याला जुळणाऱ्या थोड्याच पेशी निघतात. त्या जाग्या होतात आणि भराभर दुणावतात. बी पेशींपासून प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला किंवा विषाला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, तयार होतात. पहिल्या मात्रेनंतर ती रक्तात दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. ती थोडी असतात, त्यांची पकड सैल असते आणि ती लवकर ओसरतात. म्हणून एका इंजेक्शनवर बाळ सुरक्षित झाले असे मानता येत नाही.

खरे काम यापुढच्या आठवड्यांत ग्रंथीच्या आत चालते. तिथे बी पेशी दुणावताना आपल्या प्रतिपिंडात बारीक बदल करत राहतात. ज्यांची पकड सुधारली त्यांना टी पेशी पुढे वाढू देतात, बाकीच्या मरून जातात. वऱ्हाडातला शेतकरी ज्वारीची भरदार कणसे निवडून पुढच्या पेरणीसाठी बियाणे राखतो, तशीच ही निवड असते. आणि तिलाही हंगामाएवढा वेळ द्यावा लागतो. दोन मात्रांमध्ये किमान चार आठवडे हवेत असा नियम आहे तो यासाठी. निवडून उरलेल्या काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन प्रतिपिंडे बनवत राहतात, काही स्मृतिपेशी होऊन थांबतात. दुसरी मात्रा मिळाली की या स्मृतिपेशी काही दिवसांतच कामाला लागतात आणि प्रतिपिंडे पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त व घट्ट पकडीची होतात. तिसऱ्या मात्रेने हा साठा पुरेशा उंचीवर जातो.

मग आणखी थोडे मोठे झाल्यावर का सुरू करत नाहीत? गर्भात असताना आईची प्रतिपिंडे बाळाला मिळतात, पण ती काही महिन्यांत ओसरतात, आणि डांग्या खोकल्यापुरते हे संरक्षण बहुधा तोकडेच असते. हा खोकला मोठ्या माणसाला त्रास देऊन जातो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाचा मात्र श्वासच थांबवू शकतो. वाट पाहण्यात धोका आहे तो इथे.

तापाचे मूळ मुख्यतः डांग्या खोकल्याच्या मारलेल्या जिवाणूंत असते. त्यांच्या आवरणाचे अंश ओळखून पहारेकरी पेशी जी रसायने सोडतात, ती मेंदूतल्या तापमान-नियंत्रणापर्यंत पोचतात. ताप बहुधा त्याच दिवशी येतो आणि दोन दिवसांत उतरतो. ताप आला तर नर्सबाईंनी वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉल द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, टोचलेली जागा चोळू नये, तिच्यावर हळद-तेल किंवा शेक नको. ताप आला नाही म्हणून लस लागू पडली नाही असेही नसते. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात, कारण श्वास लागणे किंवा अंगावर गांधी उठणे अशी तीव्र ॲलर्जी, अगदी विरळा का होईना, आली तर ती बहुधा तेवढ्या वेळात दिसते. तीन तासांहून अधिक न थांबणारे रडणे, झटका, बाळ निपचित पडणे किंवा दूध न ओढणे यांपैकी काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांवर जातो, तेव्हा लस खराब झाली असेल का ही शंका रास्तच आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. कुपीवर एका वर्तुळात लहान चौकोन असतो. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग एक झाला की ती टाकून द्यायची. हे चिन्ह आईवडिलांनी बघायला मागावे, त्यात गैर काही नाही. या लसीला मात्र उन्हापेक्षा गोठण्याची भीती जास्त. बर्फाला चिकटून ती गोठली की ॲल्युमिनियमचा क्षार गुठळ्या धरतो, कुपी हलवून ठेवली तर कण लवकर तळाशी बसतात. चौकोनावरून मात्र हे गोठणे कळत नाही.

मात्रा चुकण्याचे प्रसंग आपल्याकडे बहुतेक माहेर-सासरच्या येण्याजाण्यात घडतात. समजा, बाळ ५ जानेवारीला अकोल्यात जन्मले आणि पहिली मात्रा १६ फेब्रुवारीला अमरावतीला, आजोळी मिळाली. दुसरी १६ मार्चला होती, पण बाळाला सर्दी होती म्हणून घरच्यांनी थांबवले, मग अकोल्याला परतण्याची गडबड झाली आणि १० एप्रिल उजाडला. साध्या सर्दीसाठी किंवा हलक्या तापासाठी लस पुढे ढकलायची गरज नव्हती. तरी आता पहिल्यापासून सुरू करायचे नाही. फेब्रुवारीत तयार झालेल्या स्मृतिपेशी जागेवरच असतात, अंतर वाढले म्हणून त्या पुसल्या जात नाहीत. दुसरी मात्रा १० एप्रिललाच द्यायची आणि तिसरी चार आठवड्यांनी, ८ मे रोजी किंवा नंतर लगेच. नुकसान एवढेच, की मधले साडेतीन आठवडे बाळ अपुऱ्या संरक्षणावर राहिले. माता-बाल संरक्षण कार्डावर अमरावतीच्या मात्रेची तारीख लिहिलेली असली की अकोल्याच्या नर्सबाईंना हा हिशेब लगेच लागतो.

तिन्ही मात्रा झाल्या तरी घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला यांवरची प्रतिपिंडे वर्षभरात उतरू लागतात, म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा ५ ते ६ वर्षांना त्रिगुणीचा बूस्टर असतो. डांग्या खोकल्याविरुद्धचे संरक्षण त्यांत सर्वांत लवकर झिजते; बूस्टर झालेल्या मुलालाही पुढे तो होऊ शकतो, पण बहुधा सौम्य. घटसर्पाची लस विषाविरुद्ध असते, जंतूविरुद्ध नव्हे, त्यामुळे लस घेतलेल्या माणसाच्या घशातही जंतू आजाराविना राहू शकतो आणि लस न घेतलेल्या शेजारच्या मुलाकडे जाऊ शकतो.